डाय लावलेला असताना

केसांना डाय लावलेला असताना फोन कानाला लावता येत नाही, हा साधा मुद्दा माझ्या लक्षात आला नाही. म्हणून शनिवारी सकाळी अकरा वाजता आमच्या गल्लीतल्या अख्ख्या सलूनला माझा पगार कळला. (डायसुद्धा पुढच्या मुलाखतीसाठीच होता. चाळिशीनंतर अनुभव बायोडेटात दिसावा, कानावर नको.)

फोन स्पीकरवर होता. पलीकडून नव्या नोकरीसाठी माणसं निवडणाऱ्या मुलीचा मंजुळ आवाज आला, "सर, करंट सीटीसी?"

सीटीसी, म्हणजे कंपनी माझ्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च. मी तयारी केली होती. आवाज शक्य तितका जड करून विचारलं, "या रोलचं बजेट काय आहे?"

"सर, ते कँडिडेटवर डिपेंड करतं. करंट सीटीसी?"

"ते सांगणं गरजेचं आहे का?"

"सर, फील्ड मॅंडेटरी आहे. भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही."

फॉर्मपुढे कुणाचं चाललंय? मी म्हणालो, "चौदा लाख."

कात्री थांबली. बाकावर पेपर वाचत बसलेले बँकेतून रिटायर झालेले काका होते, त्यांनी पेपर खाली घेतला. "चौदा? म्हणजे महिन्याला लाख सोळा हजार!"

तसं असतं तर मी घरी डाय लावून घ्यायला माणूस बोलावला असता. या चौदात एक लाख चाळीस हजार व्हेरिएबल. कंपनीचं वर्ष बरं गेलं तर मिळणार, आणि कंपनीचं वर्ष बरं गेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. बेसिक ५ लाख ६० हजार. त्यावर कंपनीने भरायचा १२ टक्के पीएफ, म्हणजे ६७ हजार, तोही माझ्याच सीटीसीत. वर ग्रॅच्युइटीचे सत्तावीस हजार, जे नोकरी सोडताना मिळतात, तेही ठरावीक वर्षं टिकलो तर. मग माझ्या वाट्याचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स कापून हातात येतात नव्वदच्या आसपास. हे सगळं मी काकांना आरशातून समजावलं.

"मग नव्वदच सांगायचे!" काका.

"हे कोण बोलतंय, सर?" फोन.

"शेजारी आहेत."

"सर, एक्स्पेक्टेड?"

काकांनी बाकावरून उठून माझ्या खुर्चीचा हात पकडला. "आकडा आपण आधी काढायचा नाही. मी फ्लॅट विकला तेव्हा सहा महिने आकडा काढला नाही."

"मग विकला कितीला?" न्हावी.

"विकला नाही शेवटी. पण आकडा काढला नाही!"

एवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "अठरा ते वीस."

"ओके सर, एटीन नोट करते."

काकांनी कपाळाला हात लावला. त्यांचं बरोबर होतं. दोन आकडे दिले की समोरच्याला खालचाच ऐकू येतो. शिवाय अठरा फिक्स्ड की व्हेरिएबल धरून, हेही मी बोललो नाही. पण तिचं गणित माझ्या आकड्यावर नव्हतंच. "सर, पॉलिसीप्रमाणे मॅक्स थर्टी परसेंट हाइक, तोही करंट फिक्स्डवर." माझं फिक्स्ड बारा लाख साठ हजार, म्हणजे सोळा लाख अडतीस हजार. मग अपेक्षा विचारलीच कशाला?

इथे मला हसू येत नाही. २०२० मध्ये करोनात नोकरी गेली तेव्हा घराचा हप्ता डोळ्यांपुढे ठेवून मिळेल त्या पगारावर सही केली. तेव्हापासून जो तो त्या पडेल भावावरच तीस टक्के मोजतो. काम तेच, शेजारच्या टेबलावरचा माझ्याहून पाच लाखांनी पुढे, कारण २०२० मध्ये त्याची नोकरी गेली नव्हती. कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे तीन महिन्यांच्या पेस्लिपा आणि फॉर्म सोळा मागतात, त्यामुळे आकडा फुगवून सांगायचीही सोय नाही. सांगितलाच, तर ऑफर हातात आल्यावर कागद तपासताना नाक कापलं जातं.

"त्या रोलला वीसचं काम आहे का, ते सांगा," असं मी शेवटी चिडून म्हणालो.

"सर, नोटिस पिरियड?"

"नव्वद दिवस."

"ओह." फोन बंद.

या गडबडीत डाय वीस मिनिटं जास्त राहिला. कानाच्या पाळ्या काळ्या झाल्या, त्या लिंबाने घासल्या, तरी आज मंगळवारपर्यंत गेलेल्या नाहीत. काका शेवटपर्यंत थांबले होते, त्यांचा नंबर येऊन गेला तरी.

"किती झाले?"

"साडेतीनशे."

"मागच्या वेळी अडीचशे घेतले होते."

न्हाव्याने टॉवेल झटकला. "मागच्या वेळचं कशाला काढता साहेब? आजचा भाव बोला."