कुईं वाजतंय म्हणून अल्टरनेटर बदलू नका

गाडीच्या स्टिरिओबद्दल असा सल्ला ऐकायला मिळतो: “मोबाईलची ऑक्स केबल लावल्यावर कुईं आवाज येतो आणि रेस दिली की वाढतो, म्हणजे अल्टरनेटर गेला. तो बदला, नाहीतर सोन्याच्या पिनची जाड केबल टाका. ऑक्सच्या मधे लावायचा आयसोलेटर घेऊ नका, तो फिल्टर असतो, गाण्याचा बास कापतो.”

सूर अल्टरनेटरचाच असतो, एवढं खरं. पण तो धडधाकट अल्टरनेटरचाही असतो. आत एसी तयार होते, डायोड तिची डीसी करतात आणि त्या डीसीवर बारीक लहरी उरतातच. नेहमीच्या बारा पोलच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्याला अशा 36 लहरी येतात. पुली त्याला इंजिनाच्या अडीचपट फिरवत असेल, तर 800 आरपीएमला सेकंदाला 1200 लहरी होतात आणि 2400 आरपीएमला 3600. म्हणून यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना कुईं वर वर जाते आणि तिसरा टाकला की झपकन उतरते.

माझ्या मामांनी साताऱ्यात एका गॅरेजवाल्याचं ऐकून अल्टरनेटर बदलला. आवाज तसाच राहिला. मी गाडी न्यूट्रलला चालू ठेवली, गाणं थांबवलं, व्हॉल्यूम वाढवला आणि सॉकेटमधला मोबाईल चार्जर उपटला. ऑक्सला हात लावला नाही. कुईं जागच्या जागी बंद! चार्जर खोचला की परत सुरू. मामा नुसते बघत राहिले. एवढा खर्च करण्याआधी ही चाचणी कुणीतरी त्यांना सांगायला हवी होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

घडतं ते असं. चार्जरची अर्थिंग आणि स्टिरिओची अर्थिंग गाडीच्या बॉडीला वेगवेगळ्या जागी मिळतात आणि त्या दोन जागांत काही मिलिव्होल्टचा फरक असतो. मोबाईल चार्जरवर असताना ऑक्स लावली की तिच्या अर्थच्या तारेतून करंटला दुसरी वाट मिळते. गाण्याचा सिग्नलही त्याच तारेने परततो, त्यामुळे लहरी थेट गाण्यात मिसळतात. जाड केबलने आवाज थोडा दबेल, पण वाट उघडीच राहते. पिनेवरच्या सोन्याचा इथे काही संबंध नाही.

आयसोलेटरमध्ये डाव्या-उजव्या चॅनलसाठी दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं, अर्थची तार मात्र मधेच तुटते. ठरावीक सूर गाळणारा फिल्टर तो नव्हे. बासची तक्रार अगदीच खोटी नाही: स्वस्त आयसोलेटरचा गाभा लहान असतो आणि मोबाईलचा आवाज पूर्ण ठेवला की ढोलाचा ठोका फाटतो. मामांच्या गाडीत मोबाईल पाऊण आवाजावर आणून स्टिरिओ वाढवला, तेव्हा ठोका नीट झाला.

चार्जर काढूनही कुईं राहिली, तर ऑक्समध्ये आयसोलेटर घालून बहुधा भागणार नाही. मग स्टिरिओच्या मागची अर्थची तार उघडून बघा, बोल्टखाली रंग किंवा गंज आहे का.