तलावाचा वास आणि घशाची खवखव

"पोहून आल्यावर घसा खवखवतो, खोकला येतो, कारण तलावात क्लोरीन जास्त टाकतात. वासावरूनच कळतं. टाकणाऱ्याला कमी टाकायला सांगा. पोहण्याआधी आंघोळ करायची गरज नाही, पाण्यात क्लोरीन असतंच. आणि महिनाभरात सवय होते."

आमच्या लातूरच्या पोहणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मजकूर दर उन्हाळ्यात फिरतो. मी रसायनशास्त्र शिकवलं आहे आणि रोज पहाटे पोहतो, म्हणून लिहितो.

वासाचं आधी. लिटरला दोन मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असलेल्या स्वच्छ पाण्याला वास जवळजवळ येत नाही. नाकात चढतो तो क्लोरामाइन्सचा. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरीन जोडलं गेलं की ती तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात टिकत नाही, हवेत येतं आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत साचतं. पोहणारा श्वास नेमका तिथूनच घेतो. खवखव, कोरडा खोकला, डोळ्यांची आग यामागे मुख्यतः हेच असतं. उघड्या तलावावर वारा ते उडवून नेतो, पण पत्र्याच्या शेडमध्ये खिडक्या बंद असल्या की ते तिथेच घोटाळत राहतं.

मग लोकांना 'क्लोरीन जास्त' असं का वाटतं? दोष मोजण्याच्या पद्धतीत आहे. बऱ्याच तलावांवर पिवळ्या रंगाची थेंबवाली चाचणी असते. ती मोकळं आणि जोडलेलं असं सगळं क्लोरीन एकत्र दाखवते. मी पोहतो त्या तलावावरच्या माणसाला गेल्या मे महिन्यात विचारलं, तर तो म्हणाला, "सर, पिवळं चांगलं आलंय की, अजून काय पाहिजे?" मी डीपीडी गोळ्यांचा संच घेऊन गेलो. पहिल्या गोळीने मोकळं क्लोरीन कळतं, पुढची गोळी त्यातच घातली की एकूण कळतं आणि वजाबाकी म्हणजे जोडलेलं. मोकळं लिटरला 0.5 मिलिग्रॅम निघालं, एकूण 1.7. म्हणजे जोडलेलं 1.2, जे खरं तर 0.4 च्या आत हवं. जंतू मारणारं क्लोरीन उलट कमीच होतं, 1 ते 3 हवं होतं.

त्यामुळे 'कमी टाका' म्हणणं म्हणजे आगीत तेल ओतणं. अशा वेळी उलट एकदा भरपूर टाकावं लागतं. जोडलेल्याच्या साधारण दहापट मोकळं क्लोरीन मिळालं की क्लोरामाइन्स मोडतात. आमचा तलाव पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, सरासरी 1.4 मीटर खोल आहे, म्हणजे पाणी साडेतीन लाख लिटर. लिटरला बारा मिलिग्रॅमने 4.2 किलो क्लोरीन लागतं. उघडून ठेवलेल्या पोत्यातली ब्लीचिंग पावडर तीस टक्के धरली तर चौदा किलो. रात्री तलाव बंद करून, खिडक्या सताड उघडून, पावडर बादलीत कालवून वरचं निवळ पाणी चारी बाजूंनी सोडलं आणि पंप रात्रभर चालू ठेवला. बादलीत दुसरं कुठलंही तलावाचं रसायन मिसळायचं नाही, ॲसिड तर मुळीच नाही. त्यातून विषारी वायू निघतो. मोकळं 3 च्या खाली येईपर्यंत कुणाला पाण्यात उतरू दिलं नाही. त्याला दोन दिवस लागले. मग जोडलेलं 0.3 आलं आणि वास गेला.

पण दहा दिवसांत ते 0.8 वर परत आलं. सुट्टीच्या बॅचमधली चाळीस पोरं घामेजलेली, तेल लावलेली सरळ उडी मारत होती. आंघोळीचं उत्तर इथेच आहे. उतरण्याआधी मिनिटभर अंगावरून पाणी घेतलं तरी घामाचा मोठा भाग निघून जातो, आणि लघवी आधीच उरकून यायची. थोडं जुनं पाणी काढून ताजं भरणं हाही उपाय आहे, पण मे महिन्यात टँकरच्या शहरात ते बोलायलाही लाज वाटते. त्यामुळे शॉवरखालच्या बादलीभर पाण्याचा हिशोब इथे उलटा लागतो: ते पाणी वाया जात नाही, तलावातलं वाचवतं.

सवयीबद्दल एवढंच की सवय नाकाला होते, श्वासनलिकेला नाही. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास पोहणाऱ्या स्पर्धकांमध्ये संवेदनशील श्वासनलिका इतरांपेक्षा जास्त आढळते. खवखव फक्त तलावावर येऊन काही तासांत जात असेल, तर गर्दी नसलेली, खिडक्या उघड्या असलेली वेळ निवडा आणि बाहेर आल्यावर साध्या पाण्याने चूळ भरून गुळण्या करा. पण रात्री खोकला उठत असेल, छातीत घरघर होत असेल किंवा जिना चढतानाही दम लागत असेल, तर दम्यासाठी डॉक्टरांकडून फुंकर मारायची तपासणी करून घ्या. ताप असेल तर मात्र क्लोरीनला दोष देऊ नका, तो बहुतेक वेळा संसर्गाचा असतो.

आमच्या फळ्यावर आता रोज दोन आकडे लिहितात, मोकळं आणि जोडलेलं. आज सकाळी दुसरा 0.3 होता.