‘फुल साइज’ ओढणी नक्की कुणाच्या मापाची?

मावसबहिणीच्या हळदीला हौसेने बनारसी ओढणी घेतली. दुकानदार म्हणाला, “ताई, फुल साइज आहे, अडीच मीटर.” मला वाटलं, जितकी लांब तितकी चांगली. एका खांद्यावर चुण्या घालून पिन लावली आणि हॉलचा जिना चढताना मागचं टोक माझ्याच टाचेखाली आलं. पिनेसकट कुर्त्याचा खांदा टर्रकन फाटला!

घरी येऊन टेप काढली. माझी उंची पाच फूट, खांदा जमिनीपासून १२४ सेंटीमीटर. एका खांद्यावरून अडीच मीटर निम्मी-निम्मी सोडली की पुढे १२५, मागे १२५. म्हणजे ती जमिनीला टेकणारच. वर गोंडे वेगळे! दुकानात सांगतात ती लांबी बहुतेकदा गोंडे सोडून असते, हे मला तेव्हा कळलं.

गंमत म्हणजे हीच ओढणी दोन्ही खांद्यांवरून मागे सोडली की छान बसते. गळ्यापुढच्या झोळात साठेक सेंटीमीटर जातात, मग मागे प्रत्येक बाजूला ९५ उरतात. टोकं पोटरीवर थांबतात.

म्हणून माझं ठाम मत आहे की आधी ओढणी कशी घेणार ते ठरवा आणि मग लांबी विचारा. टेप खांद्यावर ठेवा, पुढे जिथे टोक हवं तिथपासून मागच्या टोकापर्यंत मोजा. एका खांद्यासाठी माझं माप सव्वादोन मीटरच्या आत येतं. रोजच्या कुर्त्यावर तर दोन मीटरची स्टोलही पुरते. माझी पाच फूट सात इंची नणंद मात्र अडीच मीटर एका खांद्यावर ऐटीत घेते, जमिनीपासून चांगली पाचेक इंच वर. सुती असेल तर पहिल्या धुण्यात थोडी आटते, तेवढं धरून घ्या.

पन्ह्याकडे तर कुणी बघतच नाही. ३६ इंच पन्ह्याच्या चार-चार इंची चुण्या घातल्या की खांद्यावर नऊ पदर येतात. शिफॉनचे नऊ पदर कळतही नाहीत, पण जरीच्या कापडाची अक्षरशः उशी होते आणि अरुंद खांद्यावरून ती सारखी घसरते. तिथे २८ इंची स्टोल बरी, सातच पदर. पण डोक्यावरून घ्यायची असेल किंवा चुण्या न घालता हातावर मोकळी सोडायची असेल, तर स्टोल तोकडी पडते. तिथे ३६ इंच हवेतच.

“मग कापून घे ना,” असं आईने सुचवलं. पण दोन्ही टोकांना बुट्ट्यांचा पदर, कापायची कुठून? शेवटी ओढणी नणंदेकडे गेली. कुर्ता अजून रफूवाल्याकडे आहे.