नाव पुसा, लेकरू ठेवा: ब्लेमलेस पोस्टमॉर्टमचं डेक बनवायची रीत

शनिवारी रात्री तुमच्या सर्व्हरनं मान टाकलीय, क्लायंटला डेक दाखवायचंय आणि वरून मेल आलाय की डेक ब्लेमलेस पाहिजे, म्हणजे कोणावर दोष न ठेवता काय बिघडलं ते सांगणारं. घाबरू नका. मागच्या आठवड्यात आमच्या संभाजीनगरच्या ऑफिसात असलंच एक १४ स्लाइडचं डेक झालं, मी दीड तास समोर बसून पाहिलं, त्यामुळं आता या विषयात माझा हात कोणी धरू शकत नाही.

सगळ्यात आधी, ब्लेमलेस हा शब्द पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाका. मग उरलेल्या तेरा स्लाइडवर काहीही करायला तुम्ही मोकळे.

नाव मात्र लिहायचं नाही. फक्त 'शनिवार नाइट शिफ्ट, एल-वन इंजिनिअर' असं लिहा. नाइटला एकच लेकरू असतं हे खालच्या चहावाल्यालापण माहितै, पण नाव नाही ना लिहिलं, झालं ब्लेमलेस.

आता टाइमलाइन. हे खरं कलाकुसरीचं काम, इथं घाई नको. सर्व्हरचे लॉग यूटीसीत असतात आणि मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड आपल्या घड्याळात, मधे साडेपाच तासांचा फरक. तुम्ही काय करायचं, दोन्हीकडच्या वेळा उचलायच्या आणि एकाच टेबलात डकवायच्या, झोन लिहायचा नाही. आमच्या डेकमधे बघा कसं सुंदर जमलं. ओळ पहिली: १८:४५, एल-वननं लॉग फाइल डिलीट केली. ओळ दुसरी: २३:५०, अॅप्लिकेशन डाउन. कोणीपण वाचलं तर काय म्हणेल, यानं फाइल उडवली म्हणून पाच तासांनी सिस्टिम बसली. क्लायंटची बाई तेच म्हणाली. आणि ते पोरगं, सेलूचं, म्यूटवर बसलेलं, मला चॅटवर लिहितंय, "सर, पावणेसातला तर मी गाडीत होतो, परतूरला चहा घेतला, माझी शिफ्ट दहाला असती." अरे राजा, तुझं बरोबरै. १८:४५ यूटीसी म्हणजे आपले रात्रीचे सव्वाबारा. अॅप बसलं बारा वाजायला दहा कमी असताना, यानं फाइल उडवली त्यानंतर पंचवीस मिनिटांनी. म्हणजे आग विझवायला आलेल्या माणसाला आग लावणारा करून टाकलं, तेपण नुसत्या कॉपी-पेस्टनं. मी मीटिंगमधे सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, "टाइमझोनचं डिटेल ऑफलाइन बघू." बघा मग.

टाइमलाइन कुठून सुरू करायची हेपण महत्त्वाचं. जिथं गरीब माणसाचा हात लागला तिथून. त्याच्या आधीचं लिहू नका, कारण त्याच्या आधी आपण असतो. आमच्यात गुरुवारी संध्याकाळी साधारण सव्वासातला रिलीज झालं, डीबग लॉग चालू राहिला, आणि नवीन फाइलचं नाव लॉग वेळोवेळी कापणाऱ्या logrotate च्या कॉन्फिगमधे कोणी टाकलंच नाही. तासाला दीड जीबीच्या जरा वर. २०० जीबीच्या डिस्कवर ८० जीबी मोकळे होते, हिशेब तुम्हीच करा, साडेबावन्न-त्रेपन्न तासात सगळं गच्च. शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास ८० टक्क्यांचा अलर्ट गेला, शनिवारी दुपारच्या आधी ९० टक्क्यांचा. कुठं गेला? अशा मेलबॉक्सवर जो बघणारा एकमेव माणूस मागच्या दिवाळीतच नोकरी सोडून पुण्याला गेला. यातली एक ओळ डेकमधे नाही. एक नाही.

कारणं मांडायचा माशाच्या काट्यांसारखा फिशबोन काढाच. मशीन, मेथड, मटेरियल या काट्यांवर 'लागू नाही' लिहा, मॅनच्या काट्यावर सगळा मासा.

रूट कॉज: ह्युमन एरर. दोन शब्द, स्लाइड संपली. पाच वेळा 'का' विचारायचा असतो म्हणतात, तुम्ही पहिल्याच 'का'ला लेकरू सापडलं की थांबा, पुढं गेलात तर रिलीज मॅनेजरची केबिन लागते.

आता जरा खरं सांगतो, कारण यावर मी मीटिंगमधे बोलू शकलो नाही. त्या पोरानं डिस्क किती भरली बघायला df मारला, १०० टक्के दिसलं, सगळ्यात मोठी फाइल शोधली, ७९ जीबीची, आणि rm केली. आपण सगळ्यांनी आयुष्यात हे केलंय, मीपण. त्यानंतर df परत मारला तर परत १००. मला नंतर विचारतो, "सर, फाइल तर उडवली, मग जागा काहून होईना?" काहून होईना तर लिनक्समधे rm नं फक्त नाव जातं, जोपर्यंत चालू प्रोसेसनं ती फाइल उघडी धरलीय तोपर्यंत जागा सुटत नाही. टाकीवरची पाटी काढली म्हणून टाकी रिकामी होत नसती, आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात हे वेगळं सांगायला नको. फाइली मोजणारं du म्हणतं जागा झाली, df म्हणतं नाही, दोघांत ७९ जीबीचा फरक, तर समजायचं की असली भुताटकी आहे. बघायची कमांड ही:

```
lsof +L1
```

यात deleted लिहिलेली फाइल आणि तिला धरून बसलेली प्रोसेस दिसते. ती रिस्टार्ट केली की जागा सुटते. rm च्या ऐवजी `truncate -s 0` केलं असतं तर तिथल्या तिथं सुटली असती. पण हे रनबुकमधे होतं का? रनबुकमधे लिहिलंय 'डिस्क फुल असल्यास सीनिअरला कळवा'. त्यानं कळवलं. बारा अठराला पहिला फोन, लीडला, लीड लग्नात. मग मला दोन, मी झोपेत, फोन सायलेंटवर. एक पंचवीसला मी उचलला, एक चाळीसला सिस्टिम वर. एकशे दहा मिनिटांच्या आउटेजमधली सदुसष्ट मिनिटं तो नुसता फोन लावत होता. लिहा ना ते. माझे मिस्ड कॉलपण लिहा, मी नाही म्हणत नाही.

आणि करेक्टिव्ह अॅक्शन! 'टीमला समज दिली.' 'रिफ्रेशर ट्रेनिंग.' जबाबदारी: सर्व. मुदत: चालू. वर एक रत्न, एल-वनचा rm चा अधिकार काढला, आता मंजुरी घ्यावी लागंल. कोणाची? त्या लग्नातल्याची.

२०१२ मधे एट्सीत असताना जॉन ऑल्सपॉनं हे ब्लेमलेस लिहून मांडलं, तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच होतं की त्या माणसाला त्या घडीला काय दिसत होतं, ते करणं त्याला बरोबर का वाटलं, ते त्यालाच विचारा आणि शिक्षेची भीती न घालता सांगू द्या. तुम्ही विचारलं का? दीड तासात त्या लेकराला एकदा तरी अनम्यूट हो म्हणलात का? डेक बनवायच्या आधी त्याला पाच मिनिटं शेजारी बसवलं असतं तर टाइमझोन तिथंच सापडला असता. डीबग चालू ठेवणाऱ्यालापण शिव्या द्या म्हणत नाही मी. रिलीजच्या चेकलिस्टमधे एक ओळ टाका, लॉगला वेगळा व्हॉल्यूम द्या, logrotate ला `maxsize` लावा आणि तासाला चालवा, दिवसातून एकदाच चालवलं तर maxsize लावून फारसा उपयोग नाही. अलर्ट मेलवर नको, ज्याची ड्यूटी त्याच्या फोनवर, आणि लग्नाला जाताना दुसऱ्याचं नाव लावून जायचं. प्रत्येक कामापुढं एकच नाव, एकच तारीख. नाव लिहायची जागा ती आहे, रूट कॉजची स्लाइड नाही.

त्या पोरानं काल विचारलं, सर मी पेपर टाकू का. मी काय सांगू त्याला? आज सकाळी df मारलाय मी, फाइल रिकामी करूनपण परत ७४ टक्के. डीबग अजून चालू आहे आणि अलर्ट अजून पुण्याला गेलेल्या माणसाच्याच मेलबॉक्सवर जातोय. डेक राहू द्या बाजूला, आधी ते बंद करा ना.