करंजी खवट निघाली, पण दोष तेलाचा होता का?

मंग्यानं तालुक्याच्या दुकानातून चकली, शंकरपाळे अन् करंज्या आणल्या, पानठेल्यावरच पुडा फोडला, पहिली करंजी तोंडात टाकली अन् थुकलीच. "खवट हाय बे, जुन्या तेलात तळलं सगळं, आत्ताच वापस करतो." इथून जो वाद सुरू झाला तो लाईट जाऊन परत येईपर्यंत चालला.

गुरुजी म्हणे रंग पाहा ना, चकली काळपट हाय म्हणजे तेल जुनंच. यावर आचारी भाऊ उखडले, ते लग्नाच्या पंगतीचं काम करतात, कढईसमोर आयुष्य गेलं त्यांचं. "रंगावर नका जाऊ गुरुजी. भाजणी जास्त भाजली का चकली काळी होते, तिखट जास्त पडलं का लाल. शंकरपाळ्यात तर साखर हाय, ते नव्या तेलातबी लवकर लाल होते."

मग पाहायचं कसं? भाऊंनी चकली मोडली अन् बाहेरून नाही तर मोडलेल्या जागेचा वास घ्यायला लावला, कारण बाहेरून मसाल्याचा वास येतो अन् तेलाचा झाकतो. मग चुरा बोटांत चोळायला सांगितला. तेल घाण्यामागून घाणे तापत राहिलं की घट्ट होते, कढईत फेस धरते, धूर लवकर सोडते, अन् त्या तेलातला माल चोळला की बोटं चिकट होतात, खाल्ल्यावर घसा खवखवतो. दुकानदार वरून नवं तेल ओततो पण त्यानं जुनं सुधरत नाही, उलट नवंच लवकर खराब होते. आता पुष्कळ लोक कागदावर डाग पाहतात, त्याचा ताज्याशी काही संबंध नाही बरं, चकलीत सोडा जास्त पडला किंवा तेल नीट तापलं नसलं तरी ती तेल पिते, ते तेल एकदम नवं असू शकते.

गुरुजींनी नियम सांगितला, तो बरोबर आहे. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून तापून बिघडलं की त्यात वाढणारे घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. पण ते मोजायला मीटर लागते, गिऱ्हाइकाजवळ नाक अन् बोटंच आहेत.

तर मंग्याची चकली चोळली, बोटं चिकट नाही, वास साफ. शंकरपाळेही ठीक. मंग्या म्हणे, मग करंजी काहून अशी लागते, कढई तर एकच असंन ना? भाऊंनी करंजी उघडली, सारण एका कागदावर झटकलं, पारी वेगळी ठेवली अन् दोन्ही वेगवेगळं खायला दिलं. पारी चांगली होती! सारण मात्र कडसर, साबण खाल्ल्यागत.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण करंजी खवट म्हटलं की सगळे तळणीच्या तेलावर जातात. सुक्या खोबऱ्यात निम्म्याच्या वर तेलच असते, वाटीत ओल राहिली, बुरशी धरली की ते तेल फुटते अन् ही साबणाची चव येते, किसल्यावर तर अजून लवकर बिघडते. नंतर किती भाजा, किती वेलदोडा टाका, जात नाही. म्हणून दुकानात एक करंजी मोडून सारण वेगळं चाखायला मागा, अन् खोबऱ्याची वाटी दाखवतो का ते विचारा, आतून पांढरी पाहिजे, पिवळे किंवा काळे ठिपके नको.

पाकिटावरून गुरुजी परत पेटले. ठेल्यावरच्या पाकिटावर पुढे 'भाजणी चकली' अन् मागं पहिलं नाव तांदळाचं पीठ, मग मैदा, शेवटी पामोलिन. गुरुजी म्हणे फसवणूक! तर भाऊ म्हणे तांदूळ पहिला असणारच, घरच्या भाजणीतही तोच जास्त असते अन् यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. डोळा ठेवायचा तो मैद्यावर, अन् हरबऱ्याची नि उडदाची डाळ यादीत हाय का नाही त्याच्यावर, या यादीत दोन्ही नव्हत्या. तारखेनं पाकीट किती जुनं ते कळते, तळताना तेल किती जुनं होतं ते नाही कळत.

मंग्या शेवटपर्यंत म्हणत होता का खोबरं असो का तेल, माल दुकानदाराचाच ना, पैसे वापस पाहिजे. ते मलाही मान्य आहे. पण जाऊन "तेल जुनं आहे" म्हटलं तर तो नव्या तेलाचा पिपा दाखवून मोकळा होईल, म्हणून त्याच्यासमोर करंजी उघड अन् सारण त्याच्याच तोंडात घाल, एवढंच मी मंग्याला सांगितलं.