आठवड्याचं वेळापत्रक: रकाने आखण्याआधी वाक्यं फोडा

परिच्छेदात लिहिलेल्या दिनक्रमाचा तक्ता करायला बसलं की बहुतेक जण आधी चौकटी आखतात. वर सात वार, डावीकडे सकाळी 6 पासून रात्री 10 पर्यंत एकेक तास. माझ्या मते घोटाळा इथेच होतो. सोळा ओळी तयार होतात, निम्म्या रिकाम्या राहतात आणि साडेसहाचा क्लास कुठे लिहायचा हे कळत नाही. ओळी घड्याळावरून पाडायच्या नसतात, त्या परिच्छेदातूनच काढायच्या असतात.

हा मजकूर घ्या: "बुधवार सोडून सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते सात चालणं. रविवार सोडून रोज दहा ते पाच ऑफिस, शनिवारी मात्र एकलाच सुटतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी साडेसहा ते आठ गाण्याचा क्लास. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सात ते आठ पोहणं."

आधी प्रत्येक वाक्याची कच्ची नोंद करा: कोणते वार, सुरुवात, शेवट, काम. "सोडून", "मात्र", "फक्त" हे शब्द तक्त्यात येत नाहीत, म्हणून त्यांचा निकाल इथेच लावायचा. चालण्यापुढे सोम, मंगळ, गुरु, शुक्र असे चार वार सुटे लिहा. ऑफिसच्या नोंदी दोन होतील, सोम ते शुक्र 10 ते 5 आणि शनिवारी 10 ते 1. हे काम डोक्यातल्या डोक्यात केलं तर शनिवारची दुपार हमखास ऑफिसात जाते.

आता सगळ्या सुरुवाती आणि शेवट एका रांगेत मांडा, दुबार आलेले गाळा: सकाळचे 6, 7, 10, दुपारचा 1, संध्याकाळचे 5, साडेसहा, 7, 8. शेजारच्या दोन वेळांमधली जागा म्हणजे एक ओळ. 7 ते 10 आणि 5 ते साडेसहा या जागांत कुठल्याच वारी काही नाही, त्या गाळल्या. उरल्या पाचच ओळी: 6 ते 7, 10 ते 1, 1 ते 5, साडेसहा ते 7, 7 ते 8. ऑफिस 1 वाजता तुटलं ते शनिवारमुळे आणि क्लास 7 वाजता तुटला तो पोहण्यामुळे. सोमवारच्या रकान्यात क्लास दोनदा लिहावा लागतो, ते बरोबरच आहे. मंगळवारी साडेसहा ते 7 ही जागा मोकळी असते, ते दिसावं म्हणून तर ही ओळ तोडली.

भरून झालं की तास दोन्हीकडून मोजा. कामावार: चालणं 4, ऑफिस 38, क्लास साडेचार, पोहणं 2, एकूण साडेअठ्ठेचाळीस. रकान्यावार: सोमवारी साडेनऊ, मंगळवारी 9, बुधवारी साडेआठ, गुरुवारी 9, शुक्रवारी साडेनऊ, शनिवारी 3. बेरीज तेवढीच आली पाहिजे. चार तास जास्त भरले तर पहिला संशय शनिवारच्या दुपारवर घ्या, एक तास जास्त भरला तर बुधवारच्या चालण्यावर.

खरी परीक्षा घेतात ती वेळ न सांगणारी वाक्यं. वरच्या मजकुरात "ऑफिस सुटलं की अर्धा तास वाचन" एवढं जोडा. हे वाचन सोमवार ते शुक्रवार 5 ते साडेपाच, पण शनिवारी 1 ते दीड. एका वाक्याने पाचच्या सात ओळी होतात. आणि नुसतं "संध्याकाळी वाचन" असेल तर मनाने 6 वाजता बसवू नका. तळाशी "वेळ ठरलेली नाही" अशी ओळ करा आणि तिथे टाका. तक्त्यात एकदा आकडा आला की तो अंदाज होता हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

"एक दिवसाआड" हा तर आठवड्याच्या तक्त्यात मावतच नाही. सोमवारी सुरू केलं तर या आठवड्यात सोम, बुध, शुक्र, रवि येतात आणि पुढच्यात मंगळ, गुरु, शनि. वार सात, म्हणजे विषम, त्यामुळे चक्र 14 दिवसांनी जुळतं. एक तर दोन तक्ते करा, नाहीतर वार पक्के करायला सांगा.

एक्सेलमध्ये करणार असाल तर डावीकडच्या रकान्यात 6-7 असं टाइप करू नका, त्याची तारीख होऊन बसते. "6 ते 7" लिहा. सेल मर्ज करायचे तर तास जुळल्यावर, अगदी शेवटी, आणि फक्त उभे, एकाच वाराच्या रकान्यात. सोमवार ते शुक्रवार आडवं मर्ज करून मध्ये मोठ्या अक्षरात "ऑफिस" लिहिलेलं देखणं दिसतं खरं, पण एका गुरुवारची वेळ बदलली की सगळं अनमर्ज करावं लागतं. त्यानंतर मजकूर फक्त सोमवारच्या सेलमध्ये उरतो, बाकीचे चार वार पुन्हा भरत बसा.