शोरूमचं सर्व्हिस पॅकेज नको, एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र कागद बघून घ्या

सणाला गाडी बुक करणार असाल तर हे वाचा. प्रीपेड सर्व्हिस पॅकेज मी कुणालाच घ्या म्हणणार नाही. एक्स्टेंडेड वॉरंटीचं तसं नाही. कोटेशनवर दोन्ही एकाखाली एक छापलेलं असतं, त्यामुळं लोक एकतर दोन्ही घेतात नाहीतर दोन्ही सोडतात.

परवा दाजींनी सांगलीतल्या एका शोरूमचं 125 सीसी स्कूटरचं कोटेशन पाठवलं. पॅकेज 4,400 रुपयांचं. तीन वर्षांत आठ सर्व्हिसिंगची मजुरी माफ आणि ऑइलवर दहा टक्के सूट. ऐकायला झकास. पण त्या गाडीला कंपनीकडूनच पहिल्या चार सर्व्हिस फ्री आहेत, सर्व्हिस बुकात कूपनं छापलेली आहेत. त्या चारांची मजुरी तशीही लागणार नव्हती. उरल्या चार. तिथली मजुरी टॅक्ससकट 480, म्हणजे 1,920 झाले. ऑइल साधारण चारशेचं, आठ वेळचे दहा टक्के म्हणजे 320. सगळं मिळून 2,240 चा फायदा आणि त्यासाठी आधीच मोजायचे 4,400! ब्रेक शू, एअर फिल्टर, प्लग, बेल्टचे पैसे वेगळेच. आणि ही रक्कम लोनमध्ये घातली की त्यावर व्याजही आलं.

दाजींनी फोन करून ‘पॅकेज काढा’ म्हटलं तर तिकडून उत्तर, “सर, सिस्टीमलाच येतंय तसं, सगळ्यांनाच घ्यावं लागतं.” दाजी म्हणाले, “मग तसं लेटरहेडवर लिहून द्या.” दहा मिनिटांत नवीन कोटेशन आलं, पॅकेजशिवाय. (कुणी अडूनच बसलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.)

आता वॉरंटी. 2020 साली प्रदूषणाचा बीएस-6 नियम आला आणि कार्ब्युरेटर जवळपास गेला. पूर्वी गाडी चोक झाली की कोपऱ्यावरचा मिस्त्री कार्ब्युरेटर साफ करून द्यायचा, काम भागायचं. आता इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू, इंजेक्टर, पेट्रोल टाकीतला पंप आणि सेन्सर. यातलं काही गेलं की बहुतेक वेळा पार्टच बदलावा लागतो, आणि ईसीयूसारखा पार्ट हजारांत जातो. दाजींच्या कोटेशनवर वाढीव वॉरंटी 1,350 ला होती. हे पैसे द्यायला माझी हरकत नाही.

फक्त सर्टिफिकेट कुणाचं आहे ते आधी बघायचं. कंपनीचं असेल तर त्यावर तुमच्या गाडीचा चेसिस नंबर असतो आणि ते कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत सेंटरलाही चालतं. डीलरनं स्वतःच्या पावतीवर लिहून दिलेली ‘वॉरंटी’ असेल, तर उद्या त्यानं एजन्सी सोडली की ती पावती घेऊन कुठं जाणार? पॅकेजचंही हेच दुखणं आहे.

दुसरं म्हणजे किलोमीटर. दाजी रोज तासगाव-सांगली जाऊन-येऊन करतात, पन्नासेक किलोमीटर. म्हणजे वर्षाला पंधरा हजार. त्यांच्या कागदावर मूळ वॉरंटी तीन वर्षं किंवा 36,000, जे आधी होईल ते. म्हणजे अडीच वर्षं व्हायच्या आतच ती संपली. वाढीव धरून पाच वर्षं किंवा 60,000, ती त्यांना चार वर्षं पुरेल. म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ पदरात पडतो, तोही गाडी जुनी झाल्यावर. याउलट विश्रामबागेत भाजीपुरती फिरणारी गाडी असेल तर किलोमीटर संपत नाहीत, पण मुदतीप्रमाणं सर्व्हिसिंग मात्र करावंच लागतं. ‘गाडी फिरलीच नाही तर सर्व्हिसिंग कशाला’ म्हणून एक तारीख चुकवली की क्लेमच्या वेळी तीच पुढं करतात.

क्लेम अडकायचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे बाहेरून लावलेले एलईडी आणि मोठे हॉर्न. मूळ वायरिंग कापून जोड दिलेला दिसला, की इलेक्ट्रिकलचा क्लेम उडालाच म्हणून समजा. लाइट लावायचेच असतील तर वायर न कापता कपलर लावून घ्या. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या त्या कंपनीची वेगळी असते, ती यात शोधू नका.

आणि पूर. 2019 आणि 2021 ला सांगलीत किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण बघितलंय. पुराचं नुकसान कुठल्याच वॉरंटीत बसत नाही, ते विम्याचं काम. इथं लोक फसतात ते ‘पाच वर्षांचा विमा’ या शब्दांना. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा असतो तो थर्ड पार्टी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो आणि तो दरवर्षी भरावा लागतो. पॅकेजचे वाचलेले पैसे तिकडं घाला. पॉलिसी कुठूनही घेता येते, शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. आणि पाण्यात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. इंजिनमध्ये पाणी ओढलं गेलं की सर्व्हेअर पहिला प्रश्न तोच विचारतो.